आदल्या दिवशीचा भात आणि तापलेली कढई : ताज्या भाताचा फ्राइड राइस गिच्च का होतो?

मोगरकळी

फ्राइड राइसच्या बहुतेक प्रत्येक कृतीत आदल्या दिवशीचा, फ्रिजमध्ये ठेवलेला भात घ्यावा असे लिहिलेले असते, परंतु रात्रभरात त्या भाताचे नेमके काय होते हे क्वचितच कोणी सांगते. भात वाळतो एवढाच त्याचा अर्थ असेल, तर ताजा भात ताटात पसरून पंख्याखाली वाळवला म्हणजे तेच काम तासाभरात व्हायला हवे. वाळण्यापलीकडे आणखी काही घडत असेल, तर ते काय?

हा प्रश्न पडण्याचे कारण असे. एकाच पातेल्यातला थोडा भात मी झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवला आणि थोडा उघड्या ताटलीत ठेवला. सकाळी डब्यातल्या भाताचा सबंध गोळा झाला होता, झाकणाला आतून पाणी सुटले होते, आणि तरीही बोटांनी दाबल्यावर त्या गोळ्यातली शिते न मोडता सुटी होत होती. ताटलीतला भात वरून वाळून कडक झाला होता, पण खालचा थर बराचसा डब्यातल्या भातासारखाच होता. म्हणजे डब्यातला भात वाळलेला नसतानाही कालच्यापेक्षा घट्ट झाला होता. ताज्या गरम भाताला कढईत उलथने लावले, की मात्र दोन मिनिटांत त्याचा लगदा होतो. भात एकास दोन पाण्यात शिजवते आणि सगळा एकदमच परतायला घेते, हेही सांगून ठेवते.

हौशी_आचारी

आपण उगाच खोलात जात आहात असे मला वाटते, कारण सगळा खेळ पाण्याचा आहे. फ्रिजमधली हवा कोरडी असते आणि ती भातातले पाणी ओढून घेते. पाणी गेले की चिकटपणा गेला. म्हणून भात नेहमी उघडाच ठेवावा, झाकण लावूच नये. शिवाय भात शिजवताना आधणात चमचाभर तेल आणि लिंबाचा थोडा रस घातला, तर शिते एकमेकांना धरतच नाहीत आणि मग आदल्या दिवशीच्या भाताची गरजही उरत नाही. मी असाच करतो आणि भात चांगला फडफडीत होतो.

रसायनी

हौशी_आचारी, पाण्याबद्दलचे तुमचे म्हणणे निम्मे बरोबर आहे, पण मोगरकळींच्या झाकणाच्या डब्याचे उत्तर त्यातून मिळत नाही. त्या डब्यातून पाणी बाहेर गेलेले नाही. रात्री वजन करून ठेवले असते, तर सकाळी ते जवळजवळ तेवढेच भरले असते. तरी शिते घट्ट झाली, याचा अर्थ पाणी तेवढेच राहून दाण्याच्या आत काहीतरी बदलले.

तांदळातला स्टार्च दोन प्रकारच्या साखळ्यांचा असतो. अमायलोज म्हणजे बहुतांशी सरळ साखळ्या आणि अमायलोपेक्टिन म्हणजे फांद्या फुटलेल्या साखळ्या. कच्च्या दाण्यात त्या घट्ट रचलेल्या असतात. भात शिजताना साधारण ६० ते ७५ अंश सेल्सियसच्या पुढे ही रचना मोडते, साखळ्या पाणी धरतात आणि दाणा फुगतो. त्याच वेळी काही स्टार्च दाण्यातून बाहेर झिरपतो. पेजेला दाटपणा येतो तो त्याचाच, आणि पाणी आटवून केलेल्या भातात हा झिरपलेला स्टार्च कुठे जात नाही, तो शितांच्या अंगावर लेपासारखा बसतो. ताजा गरम भात चिकटतो तो मुख्यतः या ओल्या लेपामुळे. त्यात दाणा आतूनही मऊ असतो, त्यामुळे उलथन्याच्या दाबाने तो फुटतो आणि फुटलेल्या दाण्यातून आणखी स्टार्च बाहेर येतो. लगदा एकदा होऊ लागला की वाढतच जातो तो या कारणाने.

भात निवला की साखळ्या पुन्हा एकमेकींजवळ येऊन रचल्या जाऊ लागतात. अमायलोजचे हे काम काही तासांत होते, अमायलोपेक्टिनचे सावकाश, काही दिवस चालते. दाणा घट्ट होतो, अंगावरचा लेपही ओला डिंक न राहता थिजतो. म्हणून डब्यातला गोळा दाबल्यावर सुटतो. शिते चिकटलेली असतात, पण सांधा ठिसूळ झालेला असतो आणि दाणा सांध्यापेक्षा बळकट झालेला असतो. फ्रिजचे ४ अंशांच्या आसपासचे तापमान या बदलाला विशेष अनुकूल आहे. खोलीच्या तापमानाला तो होतो, पण सावकाश.

तेव्हा बदल दोन आहेत, दाण्याचे अंग सुकणे आणि दाण्याचा गाभा घट्ट होणे. पहिला पंख्याखाली होतो. दुसऱ्याला थंडावा आणि वेळ दोन्ही लागतात.

आधणातल्या तेलाने शिते थोडी कमी चिकटतात हे खरे आहे, परंतु त्याने गाभा घट्ट होत नाही. तुमचा भात फडफडीत होत असेल, तर त्याचे श्रेय तेलापेक्षा तुमच्या तांदळाला असावे, असा माझा अंदाज आहे. आपण कोणता तांदूळ वापरता?

हौशी_आचारी

लांब दाण्याचा जुना बासमती. पण तेलाचे श्रेय मी सोडणार नाही.

निवांत

आमच्याकडे अडचण नेमकी हीच आहे की फ्रिजमधला भात दुसऱ्या दिवशी टणक होतो आणि खाववत नाही. त्यावर सोपा उपाय आहे. भातावर पाण्याचा हबका मारावा, झाकण ठेवावे आणि मंद आचेवर पाच मिनिटे वाफ येऊ द्यावी. भात पुन्हा ताज्यासारखा मऊ होतो आणि शिळा आहे हे ओळखूही येत नाही. मायक्रोवेव्हमध्येही झाकून ठेवल्यास हेच होते.

मोगरकळी

निवांत, माझा प्रश्न उलट आहे. मला भात टणकच हवा आहे. परंतु आपल्या प्रतिसादामुळे एक नवीनच शंका निर्माण झाली. पाच मिनिटांच्या वाफेने भात पुन्हा मऊ होत असेल, तर तापलेल्या कढईतही तो पुन्हा मऊ व्हायला हवा. मग रात्रभर थांबून काय मिळवले?

रसायनी

हा या धाग्यातला सर्वांत चांगला प्रश्न आहे आणि निवांत यांनी, विषय सोडून का होईना, त्याचा पुरावाच आणून दिला.

मऊपणा परत येतो तो मुख्यतः अमायलोपेक्टिनच्या वाट्याचा. त्याची नव्याने झालेली रचना कच्ची असते आणि साधारण ६० अंशांच्या आसपास ती पुन्हा सुटते. अमायलोजची रचना मात्र पक्की असते. ती सुटायला पाण्याच्या उकळबिंदूच्या बरेच वरचे तापमान लागते आणि दाण्यात पाणी आहे तोवर दाण्याचा गाभा तेवढा तापतच नाही. म्हणून गरम केलेला शिळा भात मऊ होतो, पण अगदी ताज्यासारखा होत नाही. जीभ तयार असेल तर हा फरक कळतो.

यातूनच तांदळाच्या जातीचा मुद्दा स्पष्ट होतो. बासमतीसारख्या लांब दाण्याच्या तांदळात अमायलोज तुलनेने जास्त असते. त्यामुळे तो निवल्यावर चांगला घट्ट होतो आणि पुन्हा तापवल्यावरही बराचसा घट्ट राहतो. जास्मिन तांदूळ लांब असूनही अमायलोज कमी असल्यामुळे मऊ असतो. चिकट तांदळात तर अमायलोज जवळजवळ नसतेच. तो फ्रिजमध्ये कितीही दिवस ठेवला, तरी कढईत तापला की पुन्हा गोळा होणार. हौशी_आचारींना ताज्या भाताचाही बरा फ्राइड राइस जमतो, त्याचे कारण मला इथे दिसते.

दुसरा भाग वेळेचा आहे. शिळा भात कढईत पडतो तेव्हा पहिले मिनिटभर तो थंड आणि घट्ट असतो, आणि आपण गोळे फोडण्याचे, दाबण्याचे, उलथण्याचे सगळे दांडगे काम त्याच मिनिटात करतो. तो तापून मऊ होईपर्यंत शिते सुटी झालेली असतात आणि प्रत्येकाच्या अंगावर तेलाचा पातळ थर बसलेला असतो. त्यानंतर मऊपणा आला तरी बिघडत नाही. ताज्या भाताला हे संरक्षण मिळत नाही, कारण तो सर्वांत नाजूक असतानाच त्याला सर्वांत जास्त मार बसतो.

चपटा_तवा

आपल्या चर्चेत माझी एक अडचण मांडतो. माझ्याकडे इंडक्शन शेगडी आणि सपाट बुडाचा नॉनस्टिक पॅन आहे. भात आदल्या दिवशीचाच घेतो, गोळेही हाताने फोडून घेतो, तरीही पॅनमध्ये तो परतला न जाता वाफवल्यासारखा होतो. चव उकडल्यासारखी लागते आणि शेवटी शिते एकमेकांना धरू लागतात. पॅन उचलून हलवला की शेगडी बंद पडते. चारजणांचा भात असतो. दोष भातात नसेल, तर शेगडीत आहे का?

भट्टीवाला

मी काही वर्षे उपाहारगृहाच्या भटारखान्यात काम केले आहे. चपटा_तवा, दोष ना भातात आहे ना शेगडीत, दोष 'चारजणांचा' या शब्दात आहे. आमच्याकडे भट्टीची आच घरच्या शेगडीच्या कितीतरी पट असे आणि तरीही आम्ही एका वेळी दोन ताटांहून अधिक भात कढईत घेत नसू.

आच पुरेशी आहे की नाही हे कानाने कळते. भात टाकल्याबरोबर जो चुरचुर आवाज येतो, तो भात कढईत असेपर्यंत चालू राहिला पाहिजे. तो आवाज बसला आणि त्याच्या जागी बुडबुड किंवा नुसती शांतता आली, की समजावे कढई थंड पडली असून भात स्वतःच्याच वाफेत शिजतो आहे. डोळ्यांनीही कळते. नीट परतल्या जाणाऱ्या भातातली काही शिते उलथन्याच्या टोकावरून उडी मारल्यासारखी उसळतात, आणि कढईचे बूड पुसल्यासारखे कोरडे राहते. बुडाला पांढरट साय धरू लागली, तर तो अंगावरचा स्टार्च चिकटत चालला आहे. तशा वेळी उलथन्याने खरवडत बसू नये. भात बाजूला काढावा, कढई पुसून पुन्हा तापवावी.

कढई तापली का हे पाहायला पाण्याचा थेंब टाकावा. थेंब जागच्या जागी चुर्र होऊन आटला तर कढई अजून कमी तापलेली आहे. तो मोत्यासारखा गोल होऊन बुडावर पळू लागला की तेल घालायची वेळ झाली. थेंब पूर्ण आटल्यावरच तेल घालावे, नाहीतर ते अंगावर उडते. मात्र ही परीक्षा लोखंडी किंवा पोलादी कढईची आहे. नॉनस्टिक पॅन रिकामा असा तापवत ठेवू नये. २६० अंशांच्या पुढे त्याचा लेप खराब होऊ लागतो आणि त्याचा धूर छातीला चांगला नसतो. नॉनस्टिकमध्ये तेल घालूनच तापवावे, तेलावर बारीक लहरी दिसू लागल्या की भात टाकावा, आणि तेवढ्यावर समाधान मानावे.

पॅन उचलायची गरज नाही. सपाट बुडात भात पसरावा, अर्धा मिनिट हात न लावता ठेवावा, मग उलथून पुन्हा पसरावा. सारखे हलवत राहणे ही खोलगट कढई आणि मोठ्या ज्वाळेची रीत आहे. सपाट पॅनमध्ये सारखे हलवले तर भात तापतच नाही.

रसायनी

भट्टीवाला यांनी कानाने सांगितले, त्याचा हिशेबही जुळतो. शेगडीतली उष्णता हवेत जाऊन, कढईतून सुटून, भातापर्यंत साधारण १ किलोवॅट पोहोचते असे धरू. म्हणजे सेकंदाला १ किलोज्यूल. फ्रिजमधला २५० ग्रॅम भात ५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत न्यायला सुमारे ८० किलोज्यूल लागतात, म्हणजे जेमतेम दीड मिनिट. चारजणांचा ७५० ग्रॅम भात एकदम टाकला, तर तेच काम चार मिनिटांचे होते, आणि तोपर्यंत भात कोमट ओलसर अवस्थेत उलथला जात राहतो.

आता ओलावा पाहू. त्याच २५० ग्रॅम भाताच्या अंगावर ३० ग्रॅम पाणी जास्तीचे असेल, तर ते उडवायला जवळजवळ ७० किलोज्यूल लागतात. म्हणजे दोन टेबलचमचे पाणी उडवण्याचा खर्च सगळा भात फ्रिजच्या थंडीतून उकळबिंदूपर्यंत नेण्याच्या खर्चाच्या जवळपास जातो. आणि हे पाणी अंगावर आहे तोवर शिताचे अंग १०० अंशांच्या वर जाऊ शकत नाही. खमंग वास आणि किंचित तांबूस रंग यायला साधारण १४० अंशांच्या पुढे जावे लागते. भात ओला असेल तर मोठी आच पाणी उडवण्यातच खर्ची पडते. म्हणून अंग सुकवणे आणि आच मोठी ठेवणे हे दोन वेगळे नियम नाहीत.

हा हिशेब ढोबळ आहे. शेगडी कोणती, कढई किती जाड, यावर तो बदलेल. जाड कढई आधीच बरीच उष्णता साठवून ठेवते, तीही यात धरलेली नाही.

चपटा_तवा

तीन भागांत करून पाहतो. पहिला भाग गार होत नाही का?

भट्टीवाला

होतो, पण शेवटी तिन्ही भाग एकत्र करून मिनिटभर परतले की पुरते. तेव्हा भात आधीच तापलेला आणि कोरडा असतो, त्यामुळे कढई थंड पडत नाही. दोन भागांच्या मध्ये रिकामी कढई पुन्हा तापू देणे विसरू नये, नॉनस्टिक असेल तर तेल घालून.

साधीसुधी

इतके सगळे करण्यापेक्षा मी भात रात्रभर ओट्यावरच झाकून ठेवते. सकाळी तो छान मोकळा झालेला असतो आणि फ्रिजमधल्या भातासारखा टणकही होत नाही. नंतर मोठ्या आचेवर परतायचाच असल्यामुळे काही होण्याचा प्रश्न नाही.

प्रयोगवही

साधीसुधी, इथे थांबायला हवे. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, आणि शिजवलेला भात हे आमच्या विषयातले नेहमीचे उदाहरण आहे. बॅसिलस सीरियस हा जीवाणू मातीत असतो आणि त्याचे बीजाणू तांदळाबरोबर येतात. भात शिजवताना जीवाणू मरतात, पण बीजाणू टिकतात. भात कोमट अवस्थेत तासन्तास राहिला की ते रुजतात, जीवाणू वाढतात आणि त्यांच्यातले काही प्रकार उलटी घडवणारे विष तयार करतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही. कढईतल्या मोठ्या आचेने जीवाणू मरतील, विष जाणार नाही. अशा भाताला वास येईलच असेही नाही, त्यामुळे हुंगून पाहणे हा भरवशाचा उपाय नव्हे.

शिजलेला भात एक ते दोन तासांच्या आत निववून फ्रिजमध्ये, ५ अंशांच्या खाली गेला पाहिजे, आणि पुढे एक-दोन दिवसांतच संपवावा. खोल पातेल्यातला भात तसाच फ्रिजमध्ये ठेवल्यास त्याचा मध्यभाग कित्येक तास कोमट राहतो, हेही लक्षात घ्यावे. सुदैवाने या चर्चेतली सोय आणि सुरक्षितता एकाच दिशेला जातात. भात परातीत बोटभर जाडीचा पसरला, की तो लवकर निवतोही आणि सुकतोही.

साधीसुधी

आजवर कधी काही झाले नाही, एवढेच सांगते. पण विष शिजवूनही जात नाही हे मला ठाऊक नव्हते. पुढच्या वेळेपासून फ्रिजमध्ये ठेवीन.

मोगरकळी

रसायनी यांच्या दोन बदलांची परीक्षा घ्यावी म्हणून एकाच वेळी शिजवलेल्या भाताचे तीन वाटे करून पाहिले. कोणाला तसेच करून पाहायचे असेल तर तपशील देते.

लांब दाण्याचा २०० ग्रॅम तांदूळ, पाणी बऱ्यापैकी स्वच्छ दिसेपर्यंत धुतला आणि निथळून घेतला. या वेळी दुप्पट पाणी न घालता वजनाने दीडपट, म्हणजे ३०० ग्रॅम पाणी घातले. आच बंद केल्यावर दहा मिनिटे वाफ जिरू दिली. दीडपटीच्या पाण्यात भात पूर्ण शिजला, कणी राहिली नाही, पण शिताची टोके फुटली नाहीत. दुप्पट पाण्यात ती नेहमी फुटायची. एवढ्या बदलानेच निम्मा फरक पडला असावा, अशी शंका मला आली.

पहिला वाटा गरम असतानाच परतला. दुसरा परातीत पसरून पंख्याखाली पाऊण तास ठेवला आणि लगेच परतला. तिसरा तसाच पंख्याखाली निववून, मग झाकणाच्या डब्यात घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला. पंख्याखालच्या भाताची वाफ जाताना कढईत उडवावे लागणारे बरेच पाणी आधीच निघून जाते, हे तराजूवर सरळ दिसले. हाताला तो भात कोरडा लागत होता, पण दाबल्यावर मऊ होता.

पहिल्या वाट्याचा, दीडपटीचे पाणी असूनही, मिनिटभरात थर बुडाला बसू लागला आणि आवाजही बसला. दुसऱ्या वाट्याचा आवाज शेवटपर्यंत टिकला आणि शिते सुटी राहिली. मात्र उलथने जरा जोरात लागले तिथे ती चिरडली गेली. हलक्या हाताने केले तर उत्तम होईल असे वाटले. तिसऱ्या वाट्याला कसेही हाताळले तरी चालले. खाताना तिसऱ्याचे शीत दाताखाली स्पष्ट जाणवत होते, दुसऱ्याचे मऊ लागत होते. माझ्या घरात मते विभागली गेली. दोघांना दुसराच आवडला.

डब्यात घालण्यापूर्वी भात पूर्ण निवला असल्यामुळे या वेळी झाकणाला पाणी सुटले नाही आणि एकसंध गोळाही झाला नाही. मुळातल्या डब्यातला गोळा हा वाफ कोंडल्यामुळे होता, हे आता पटले.

हौशी_आचारी

यावरून माझाच मुद्दा सिद्ध होत नाही का? पंख्याखालचा भात मोकळा झाला, म्हणजे सगळा खेळ पाण्याचाच. रात्रभराचा भात कडक आवडणाऱ्यांनी खुशाल थांबावे.

रसायनी

शिते सुटी राहण्यापुरते बोलायचे तर तुमचे पारडे जड आहे, हे मी मान्य करतो. अंग कोरडे असणे ही आवश्यक अट आहे. गाभा घट्ट असणे हा हात सैल सोडण्याचा परवाना आहे. परंतु मोगरकळींनी लांब दाण्याचा तांदूळ घेतला होता, म्हणून दुसऱ्या वाट्याला निभावले. तोच प्रयोग जास्मिनवर केला, तर पंख्याखालचा भात उलथन्याला टिकेल का, याबद्दल मला दाट शंका आहे.

आणि उघड्या भाताबद्दल पुन्हा सांगतो. फ्रिजमध्ये रात्रभर उघडा ठेवलेला भात वरच्या थरात नको इतका वाळतो. ती शिते कढईत पुन्हा मऊ होत नाहीत, खड्यासारखी लागतात. आधी उघडा निववावा आणि मग झाकावा.

भट्टीवाला

माझा कल दुसऱ्या वाट्याकडे आहे, आणि यात मी रसायनींच्या विरुद्ध आहे. भटारखान्यात आदल्या दिवशीचा भात वापरत ते चवीपेक्षा सोयीसाठी, कारण गर्दीच्या वेळी भात निववायला जागा आणि वेळ कुठून आणणार? घरी तो वेळ असेल तर त्याच दिवशीचा, नीट निववलेला भात मला जास्त चवदार वाटतो. त्याला तांदळाचा वास टिकून असतो.

सोया सॉसबद्दल कोणीच बोलले नाही. भात एवढा सुकवून शेवटी त्यावर मध्यभागी पळीभर सॉस ओतला, की जिथे पडला तिथली शिते भिजून पुन्हा गोळा होतात. चमचा-दोन चमचेच घ्यावा, आणि तो कढईच्या तापलेल्या कडेने सोडावा, म्हणजे पाणी तिथल्या तिथे उडते. चव कमी वाटली तर मीठ वाढवावे, सॉस नव्हे. भाज्याही वेगळ्या परतून, त्यांचे पाणी आटवून, शेवटी मिसळाव्यात. त्यांचे पाणी भाताला पाजू नये.

निवांत

मग भात फ्रीझरमध्ये ठेवला तर? आमच्याकडे तसा भात नेहमीच असतो, आणि तो टणक होत नाही.

रसायनी

टणक होत नाही याचे कारण गोठल्यावर साखळ्यांची हालचालच थांबते. त्यामुळे निवल्याबरोबर गोठवलेला भात वितळल्यावर जवळजवळ ताज्यासारखाच असतो, आणि फ्राइड राइससाठी ते सोयीचे नाही. त्यासाठी भात आधी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून मग पातळ पाकिटांत गोठवावा. वापरताना थेट कढईत टाकू नये, कारण बर्फ वितळवायला लागणारी उष्णताही त्याच १ किलोवॅटमधून जाते आणि वितळलेले पाणी शितांच्या अंगावर येते. तो फ्रिजमध्येच वितळू द्यावा आणि गोळे हाताने फोडून मगच कढई तापवायला ठेवावी.

चपटा_तवा

तीन भागांत करून पाहिले. आवाज पहिल्या दोन भागांत टिकला, तिसऱ्यात बसला, कारण तोवर पॅन पुरेसा तापू न देता मी घाई केली. उकडल्यासारखी चव मात्र गेली. आता प्रश्न असा, की पातळ नॉनस्टिक सोडून जाड लोखंडी तवा इंडक्शनवर घेतला, तर दोन भागांत भागेल का? कोणी करून पाहिले असल्यास सांगावे.

भट्टीवाला

लोखंडी तव्याला कडा नसतात, भात बाहेर सांडेल. सपाट बुडाची, वीतभर रुंद बुडाची पोलादी कढई मिळाली तर पाहा. भाग दोन की तीन, ते तिच्या आवाजावर ठरवा.